शब्दाच्या आरंभावरून शोध : ट्रायची रचना आणि तिचा मेमरीखर्च

ट्राय ही शब्दांची यादी साठवण्याची एक रचना आहे. तिच्यात शब्द अखंड ठेवलेला नसतो. त्याचे पहिले चिन्ह, मग दुसरे, मग तिसरे अशी वाट आखलेली असते आणि सारख्या आरंभाचे शब्द त्या वाटेचा तेवढा भाग वाटून घेतात. मोबाइलच्या कीबोर्डवर ‘पा’ टाइप करताच ‘पाणी’, ‘पान’, ‘पार’ असे शब्द सुचतात, तेव्हा यादीतून ‘पा’ने सुरू होणारे शब्द शोधावे लागतात. या शोधाला प्रीफिक्स शोध म्हणतात. ट्रायची कल्पना रने द ला ब्रियांदे यांनी १९५९ मध्ये आणि एडवर्ड फ्रेडकिन यांनी १९६० मध्ये स्वतंत्रपणे मांडली. ‘ट्राय’ हे नाव फ्रेडकिन यांचे.

याच कामासाठी पहिल्यांदा आठवते ती रचना मात्र दुसरी आहे, हॅश टेबल. एखादा शब्द यादीत आहे की नाही, एवढाच प्रश्न असेल तर हॅश टेबलाइतके सोपे आणि वेगवान साधन क्वचितच सापडेल. शब्दातील सगळ्या चिन्हांवर एक गणित करून एक संख्या काढली जाते आणि त्या संख्येवरून कप्पा ठरतो. शब्द शोधताना तेच गणित पुन्हा करून थेट त्या कप्प्यात पाहायचे. दोन शब्द एकाच कप्प्यावर आले तर त्यांतल्या एकाला शेजारी जागा दिली जाते, पण कप्पे पुरेसे मोकळे ठेवले तर हे फारसे घडत नाही. यादीत हजार शब्द असोत की दहा लाख, एका शब्दाच्या शोधाला साधारण तेवढाच वेळ लागतो.

शब्द कप्प्यांत शक्य तितके विखुरले जावेत, हा या गणिताचा उद्देश असतो. एका चिन्हाचा फरक पडला तरी संख्या पार बदलली पाहिजे. म्हणून ‘पान’ आणि ‘पाने’ हे शब्द टेबलात कुठल्या कुठे जाऊन पडतात आणि त्यांचा आरंभ सारखा आहे याची खूण कप्प्यांच्या क्रमात उरत नाही. ‘पा’ने सुरू होणारे शब्द हवे असतील तर एकच उपाय राहतो : सगळे कप्पे उघडायचे आणि प्रत्येक शब्दाचा आरंभ तपासायचा. एक लाख शब्द असे चाळायला आजच्या प्रोसेसरला काही मिलिसेकंद पुरतात, त्यामुळे छोट्या यादीसाठी हा मार्ग अगदीच टाकाऊ नाही. पण प्रत्येक कळीच्या दाबाबरोबर हे काम नव्याने करायचे, यादी वाढली की वेळही तितकाच वाढणार आणि सापडणारे शब्द चारच असले तरी चाळावी लागणार ती सगळी यादी. ट्रायमध्ये ही उधळपट्टी टळते.

आठ शब्दांचे एक उदाहरण घेऊ : पान, पाने, पानगळ, पाणी, पाणंद, पार, पारवा, पारंबी. संगणकाच्या दृष्टीने देवनागरीत प्रत्येक व्यंजन, प्रत्येक मात्रा आणि अनुस्वार हे वेगळे चिन्ह आहे. ‘पाणी’ म्हणजे प, काना, ण आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे. या आठ शब्दांत मिळून ३५ चिन्हे आहेत. त्यांची ट्राय अशी दिसते. तारा जिथे आहे तिथे एक पूर्ण शब्द संपतो.

```
(मूळ)
└ प
  └ ा
    ├ न *
    │ ├ े *
    │ └ ग
    │   └ ळ *
    ├ ण
    │ ├ ी *
    │ └ ं
    │   └ द *
    └ र *
      ├ व
      │ └ ा *
      └ ं
        └ ब
          └ ी *
```

प्रत्येक थांब्याला नोड म्हणतात. ३५ चिन्हांसाठी येथे १६ नोड पुरले, मूळ धरून १७. ‘प’ आणि काना आठही शब्दांना सामाईक आहेत, म्हणून ते एकदाच आले. ताऱ्याची खूण अनावश्यक वाटू शकते, पण तिच्याशिवाय काम बिघडते. ‘पान’ हा स्वतः शब्द आहे आणि ‘पाने’, ‘पानगळ’ यांचा आरंभही आहे. ‘पाण’ मात्र केवळ आरंभ आहे, यादीतला शब्द नाही. वाट पुढे जाते की थांबते एवढ्यावरून हा भेद कळत नाही, म्हणून प्रत्येक नोडमध्ये ‘येथे शब्द संपतो’ ही नोंद वेगळी ठेवावी लागते.

शोधाची रीत या आकृतीतच दिसते. ‘पार’ने सुरू होणारे शब्द हवेत, तर मुळापासून प, काना, र अशी तीन पावले टाकायची आणि तिथून खाली जे काही आहे ते गोळा करायचे : पार, पारवा, पारंबी. यादीत आणखी लाखभर शब्द असले तरी पावले तीनच राहतात, कारण बाकीच्या फांद्यांकडे वळण्याची वेळच येत नाही. ‘पाक’ विचारले तर कान्याच्या नोडपाशी ‘क’ची फांदी नाही हे लगेच कळते आणि शोध तिथेच संपतो. हॅश टेबलात असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही शब्दांसाठी आधी अखेरच्या चिन्हापर्यंत गणित करावे लागते.

गोळा करण्याच्या पायरीवर एक व्यावहारिक अडचण उभी राहते. नुसत्या ‘प’खाली हजारो शब्द असू शकतात आणि कीबोर्डला त्यांतले जास्त वापरातले तीन-चारच हवे असतात. सगळे गोळा करून मग निवडायचे म्हटले तर पहिल्याच चिन्हाला उशीर होईल, आणि नेमके तेव्हाच उत्तर पटकन हवे असते. यावरचा चांगला उपाय असा की, प्रत्येक नोडमध्ये त्याच्या खालच्या शब्दांपैकी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या शब्दाचा वापराचा आकडा लिहून ठेवायचा. मग खाली उतरताना ज्या फांदीवरचा आकडा मोठा ती आधी धरायची आणि हवे तितके शब्द मिळाले की थांबायचे. एखाद्या शब्दाचा वापर वाढला तर त्याच्या वाटेवरचे, म्हणजे त्यात जितकी चिन्हे तितकेच आकडे तपासावे लागतात. काही ठिकाणी प्रत्येक नोडमध्ये पहिल्या पाच शब्दांचे क्रमांकच लिहून ठेवतात. त्यामुळे उत्तर क्षणात मिळते, पण चार बाइटचा एक असे पाच क्रमांक म्हणजे नोडमागे २० बाइट होतात. हा खर्च थोडा नाही, हे पुढच्या हिशेबात दिसेल.

आता मेमरीचा हिशेब. ‘ट्राय मेमरी खाते’ असे सर्रास म्हटले जाते आणि ट्राय अगदी सरळ पद्धतीने बांधली तर ते खरेही ठरते. सरळ पद्धत अशी : प्रत्येक नोडमध्ये पुढच्या प्रत्येक शक्य चिन्हासाठी एक कप्पा राखून ठेवायचा आणि त्यात त्या फांदीचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, लिहायचा. फांदी नसेल तर कप्पा रिकामा. फ्रेडकिन यांच्या लेखातली मांडणी याच धर्तीची होती. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी U+0900 ते U+097F अशा १२८ जागा आहेत. ६४ बिटच्या संगणकात एक पॉइंटर ८ बाइटचा. म्हणजे एका नोडला १२८ गुणिले ८, म्हणजे १,०२४ बाइट, पूर्ण एक किलोबाइट लागतो. वरच्या १७ नोडना १७,४०८ बाइट झाले. एवढ्या जागेत कप्पे आहेत २,१७६ आणि भरलेले फक्त १६, कारण मूळ सोडून प्रत्येक नोडकडे येणारा पॉइंटर एकच असतो. उरलेले २,१६० कप्पे रिकामे.

हेच आठ शब्द हॅश टेबलात ठेवू. कप्पे १६ घेतले, प्रत्येकात ८ बाइटची हॅश संख्या आणि ८ बाइटचा पॉइंटर, तर २५६ बाइट झाले. शब्दांचा मजकूर UTF-8 मध्ये चिन्हामागे तीन बाइट, म्हणजे १०५ बाइट, शिवाय प्रत्येक शब्दाच्या शेवटी एक बाइट. एकूण ३६९. ट्रायला याच्या सत्तेचाळीसपट जागा लागली. आरंभ सामाईक ठेवून जे वाचवले ते रिकाम्या कप्प्यांनी कित्येक पटींनी वसूल केले.

यादी मोठी झाल्यावर हे प्रमाण सुधारेल असे वाटते, कारण जास्त शब्द म्हणजे जास्त सामाईक वाट. थोडे सुधारतेही. एक लाख शब्दांची यादी धरू, सरासरी शब्द आठ चिन्हांचा, आणि वाटा सामाईक झाल्यावर प्रत्येक शब्दामागे सरासरी तीन नवे नोड लागतात असे मानू. ३ लाख नोड, प्रत्येकी एक किलोबाइट, म्हणजे सुमारे ३०० मेगाबाइट. हॅश टेबलात दोन लाख कप्प्यांचे ३.२ मेगाबाइट आणि मजकुराचे २.५ मेगाबाइट मिळून ५.७ मेगाबाइट. फरक अजूनही पन्नासपटींहून जास्त राहिला. कारण साधे आहे. मुळाजवळच्या नोडना वीस-तीस किंवा त्याहून जास्त फांद्या फुटतात, पण असे नोड थोडे असतात. बहुसंख्य नोड खालच्या पातळ्यांवर असतात, तिथे फांदी एकच असते किंवा नसतेच, आणि कप्पे मात्र तिथेही १२८ राखलेले असतात.

देवनागरी मजकुरासाठी यातच एक आणखी महाग चूक होऊ शकते. इंग्रजी शब्दांसाठी लिहिलेली ट्राय बहुधा चिन्हाऐवजी बाइट मोजते. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणून दोन्ही सारखेच. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह UTF-8 मध्ये तीन बाइटचे होते आणि त्यांतला पहिला बाइट नेहमी E0, दुसरा A4 किंवा A5 असतो. खरी माहिती जवळजवळ सगळी तिसऱ्या बाइटमध्ये. अशा ट्रायमध्ये वरचे आठ शब्द घातले तर १७ ऐवजी ४१ नोड लागतात आणि बाइटची शक्य मूल्ये २५६ असल्यामुळे प्रत्येक नोड दोन किलोबाइटचा होतो. १७,४०८ बाइटचे काम ८३,९६८ बाइटवर जाते. उत्तरे अचूक येत असल्यामुळे ही चूक लवकर ध्यानात येत नाही. नोडांची संख्या छापून पाहिली आणि ती सगळ्या शब्दांतील चिन्हांच्या एकूण संख्येपेक्षा जास्त निघाली, तर हेच घडले आहे असे समजावे. चिन्हामागे एक नोड असताना तसे होणे शक्यच नसते, कारण मूळ सोडले तर वाईटात वाईट स्थितीतही प्रत्येक चिन्हाला एकच नोड लागतो. उपाय सोपा आहे : आधी मजकुराची चिन्हे वेगळी करायची आणि प्रत्येकाला ० ते १२७ मधला एक क्रमांक द्यायचा.

रिकामे कप्पे टाळायचे तर फांद्या साठवण्याची पद्धत बदलावी लागते, आणि याचे उत्तर ब्रियांदे यांच्या १९५९ च्या लेखातच होते. नोडने सगळ्या फांद्यांसाठी जागा राखायची नाही. फक्त दोन दुवे ठेवायचे : एक आपल्या पहिल्या फांदीचा आणि दुसरा आपल्या पुढच्या भावंडाचा. कान्याच्या नोडला ‘न’ची फांदी माहीत असते, ‘न’ला भावंड ‘ण’ माहीत, ‘ण’ला ‘र’ माहीत. सगळे नोड एका सलग तक्त्यात ठेवले तर दुव्यासाठी ८ बाइटच्या पत्त्याऐवजी ४ बाइटचा क्रमांक पुरतो. दोन दुव्यांचे ८ बाइट, चिन्हाचा १, शब्द संपल्याच्या खुणेचा १, म्हणजे १०. चारच्या पटीत आणून १२.

आता आठ शब्दांच्या ट्रायला १७ गुणिले १२, म्हणजे २०४ बाइट लागतात. हॅश टेबलाचे ३६९ होते. एक लाख शब्दांसाठी ३ लाख नोडांचे ३.६ मेगाबाइट, हॅश टेबलाच्या ५.७ समोर. तुलना न्याय्य ठेवायची तर हॅश टेबलातला मजकूरही चिन्हामागे एक बाइट असा साठवता येतो, मग त्याचा आकडा ४.१ मेगाबाइटवर येतो आणि दोन्ही रचना जवळपास बरोबरीत येतात. मघाचे ३०० मेगाबाइट आणि आताचे ३.६ मेगाबाइट यांत शब्द तेच, नोड तेवढेच आणि वाटाही त्याच आहेत. म्हणून ‘ट्रायला किती मेमरी लागते’ हा प्रश्न अपुरा आहे. फांद्या कशा साठवल्या हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. पहिल्या पाच शब्दांचे क्रमांक प्रत्येक नोडमध्ये ठेवण्याचा खर्चही आता मोजता येतो : ३ लाख गुणिले २० बाइट, म्हणजे ६ मेगाबाइट, मूळ ट्रायपेक्षा जास्त. नुसता सर्वाधिक वापराचा आकडा ठेवला तर १.२ मेगाबाइटमध्ये भागते.

या दोन टोकांच्या मधली एक पद्धत फार प्रचलित आहे : प्रत्येक नोडमध्ये फांद्यांसाठी एक छोटे हॅश टेबल ठेवणे. पायथॉनसारख्या भाषेत ती लिहायला सोपी असते, म्हणून शिकताना बहुतेक जण तीच लिहितात. परंतु पायथॉनमध्ये एकच नोंद असलेल्या डिक्शनरीलाही दोनशेच्या आसपास बाइट लागतात, कारण टेबल म्हटले की त्याचा स्वतःचा जमाखर्च आणि मोकळे कप्पे आलेच. एक फांदी असलेल्या लाखो नोडना हा भार परवडत नाही. शिकण्यासाठी ही ट्राय उत्तम आहे, पण तिच्यावरून ट्रायच्या मेमरीखर्चाचा अंदाज बांधू नये.

भावंडांच्या साखळीलाही किंमत आहे आणि ती वेळेत मोजावी लागते. ‘र’पर्यंत जायला आधी ‘न’ आणि ‘ण’ ओलांडावे लागतात. खालच्या पातळ्यांवर भावंडे एक-दोनच असल्यामुळे तिथे फरक पडत नाही, पण मुळाशी चाळीस-पन्नास भावंडांची रांग असू शकते. म्हणून वरच्या एक-दोन पातळ्यांना पूर्ण कप्पे आणि खाली साखळी, अशी मिश्र रचना पुष्कळदा करतात. थोड्याच नोडना एक किलोबाइट दिल्याने एकूण खर्च फारसा वाढत नाही.

दुसरी किंमत अधिक छुपी आहे. प्रोसेसर मुख्य मेमरीतून काही वाचतो तेव्हा सुमारे १०० नॅनोसेकंद थांबतो. नुकतेच वाचलेले किंवा त्याच्या लगतचे असेल तर ते जवळच्या कॅशमध्ये असते आणि कितीतरी लवकर मिळते. हॅश टेबलात एका शब्दासाठी एक-दोन उड्या माराव्या लागतात, एक कप्प्याकडे आणि एक मजकुराकडे. ट्रायमध्ये प्रत्येक चिन्हाला एक उडी. वरचे नोड वारंवार वापरले जात असल्याने कॅशमध्ये राहतात, पण खालचे नोड मेमरीत विखुरलेले असले तर आठ चिन्हांच्या शब्दाला पाच-सहा वेळा ताटकळावे लागते. म्हणून नुसता ‘शब्द आहे की नाही’ हा प्रश्न असेल तेव्हा कागदावर दोन्ही सारख्या दिसणाऱ्या रचनांपैकी हॅश टेबलच प्रत्यक्षात बहुधा पुढे असते. यादी बदलणार नसेल तर सगळी भावंडे मेमरीत लागोपाठ ठेवता येतात. मग भावंडाचा दुवा लागतच नाही, ‘हे शेवटचे भावंड’ एवढी एक खूण पुरते. त्यामुळे उड्या कमी होतात आणि नोड ८ बाइटमध्ये बसतो. एक लाख शब्दांची ट्राय २.४ मेगाबाइटवर येते.

नोडांची संख्याच घटवण्याचेही मार्ग आहेत. पहिला, एकेरी वाटा जोडून टाकण्याचा. ‘पारंबी’त अनुस्वार, ब आणि वेलांटी यांच्यामध्ये कुठेही फाटा नाही, तर तीन नोडांऐवजी ‘ंबी’ असा एकच ठेवायचा. डोनल्ड मॉरिसन यांनी १९६८ मध्ये पॅट्रिशिया या नावाने मांडलेली रचना या जातीची आहे. वरच्या उदाहरणात १७ नोडांचे ११ होतात. अशा ट्रायमध्ये नोड उरतात ते फक्त फाट्याचे किंवा शब्द संपण्याचे, म्हणून शब्द कितीही लांब असले तरी नोड शब्दसंख्येच्या दुपटीहून जास्त होत नाहीत. मात्र प्रत्येक नोडमध्ये आता एका चिन्हाऐवजी तुकडा कुठून सुरू होतो आणि किती लांब आहे, हे लिहावे लागते. नोड १६ बाइटचा धरला तर आपल्या लाख शब्दांना जास्तीत जास्त ३.२ मेगाबाइट आणि तुकड्यांच्या मजकुराचे ०.३, म्हणजे साध्या साखळीइतकेच. शब्द छोटे आणि यादी दाट असली की या युक्तीचा लाभ मर्यादित राहतो. वेबपत्ते किंवा फाइलींची लांबलचक नावे साठवताना मात्र तो खूपच मोठा असतो.

दुसरा मार्ग शब्दांचे शेवट सामाईक करण्याचा, आणि मराठीला तो विशेष मानवतो. घराला, घराने, घरात, घरातून. दाराला, दाराने, दारात, दारातून. गावाला, गावाने, गावात, गावातून. ट्राय ‘घरा’, ‘दारा’ आणि ‘गावा’ यांच्याखाली ला, ने, त, तून यांची तीच फांदी तीनदा काढते, प्रत्येकी ७ नोड, एकूण २१. तिन्ही वाटा एकाच फांदीकडे वळवल्या आणि ‘येथे संपले, पुढे काही नाही’ असे सगळे नोड एकत्र केले तर त्या २१ नोडांचे काम ५ नोड करतात. मराठी नामाच्या सामान्यरूपाला लागणारे प्रत्यय हजारो शब्दांत तेच असल्यामुळे संपूर्ण कोशात ही बचत फार मोठी होते. अँड्र्यू अ‍ॅपल आणि गाय जेकबसन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्क्रॅबलच्या प्रोग्रॅममध्ये इंग्रजी कोश याच पद्धतीने साठवला होता. मात्र ही रचना झाड राहत नाही. एकाच नोडकडे अनेक वाटा येत असल्यामुळे ‘घरातून’ आणि ‘गावातून’ यांचे वापराचे आकडे शेवटच्या नोडमध्ये वेगवेगळे लिहिता येत नाहीत, आणि नवा शब्द घालताना सामाईक नोड आधी सोडवून घ्यावे लागतात. म्हणून ती न बदलणाऱ्या कोशालाच शोभते.

हॅश टेबलाचा आग्रह धरणाऱ्यांकडून एक पर्याय हमखास सुचवला जातो : प्रत्येक शब्दाचे सगळे आरंभही टेबलात घालावेत. प, पा, पान, पाने असे. मग ‘पा’ ही टेबलातली एक नोंद झाली, ती लगेच सापडेल. आठ शब्दांचे वेगवेगळे आरंभ मोजले तर ते १६ भरतात. मूळ सोडून ट्रायचे नोडही तितकेच होते, आणि हा योगायोग नाही. ट्रायचा प्रत्येक नोड म्हणजे एक आरंभच असतो. टेबल येथे ट्रायच साठवते, फक्त प्रत्येक नोडचा सबंध मजकूर पुन्हा पुन्हा लिहून. त्यातही प्रत्येक आरंभासोबत त्याच्या शब्दांची यादी ठेवली तर नोंदी ३५ होतात, म्हणजे चिन्हे जितकी तितक्या. सामाईक वाटेतून मिळालेली सगळी बचत हातची जाते. आरंभाची लांबी तीन चिन्हांपुरती मर्यादित ठेवली तर मात्र हा मार्ग चालण्याजोगा आहे.

देवनागरीत ट्राय बांधताना मेमरीइतकेच लक्ष मजकुराच्या शुद्धतेकडे द्यावे लागते. ‘दऱ्या’ हा शब्द पडद्यावर एकच दिसतो, पण त्यातला ‘ऱ’ U+0931 या एका चिन्हाने लिहिलेला असू शकतो, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. तिसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि U+200D हे न दिसणारे जोडचिन्ह असते. ट्रायला हे तीन वेगळे शब्द वाटतात आणि ती तीन फांद्या काढते. शोधात निम्मेच शब्द सापडणे किंवा सुचवण्यांत एकच शब्द दोनदा दिसणे ही त्याची लक्षणे. युनिकोडच्या NFC या प्रमाणीकरणाने पहिले दोन प्रकार एक होतात, तिसरा होत नाही, त्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो. ‘ॲ’चेही तसेच आहे : अ आणि चंद्र अशी जोडी त्याच्यासारखी दिसते, पण NFC तिला ‘ॲ’ करत नाही. शिवाय U+200D देवनागरीच्या १२८ जागांच्या बाहेर आहे. कप्प्याचा क्रमांक चिन्हाच्या संकेतातून 0900 वजा करून काढणारी ट्राय ते भेटताच दुसऱ्याच कुठल्या तरी जागी लिहू लागते किंवा बंद पडते. मराठी यादी ट्रायमध्ये घालण्यापूर्वी ती प्रमाणित करणे आणि १२८ बाहेरचे प्रत्येक चिन्ह अडवणे, ही दोन कामे टाळून चालत नाहीत.

प्रीफिक्स शोधासाठी आणखी साधा मार्गही आहे : शब्द संकेतक्रमाने लावलेली यादी. सारख्या आरंभाचे शब्द तिच्यात आपोआप लागोपाठ येतात. मधोमध पाहून कोणता अर्धा भाग ठेवायचा हे ठरवत गेले तर एक लाख शब्दांत १७ तुलनांमध्ये ‘पा’चा पहिला शब्द सापडतो आणि तिथून पुढे वाचत जायचे. मजकुराचे २.५ मेगाबाइट आणि शब्दाच्या जागेचा ४ बाइटचा क्रमांक धरून ०.४, एकूण २.९ मेगाबाइट. चिन्हामागे एक बाइट ठेवला तर १.३. छापील कोशासारखी न बदलणारी यादी आणि सापडलेले सगळेच शब्द दाखवायचे, एवढेच काम असेल तर यापलीकडे जायचे कारण नाही. नवा शब्द मध्ये घालायचा म्हटले की मात्र त्यापुढचे सगळे क्रमांक सरकवावे लागतात, आणि ‘प’खालचे सर्वाधिक वापराचे तीन शब्द काढायला ‘प’चा सगळा पट्टा वाचावा लागतो. कीबोर्डला ही दोन्ही कामे रोज करावी लागतात : वापरणाऱ्याने टाइप केलेले नवे नाव लक्षात ठेवायचे आणि पहिल्याच चिन्हाला नेमके शब्द सुचवायचे. ट्रायमध्ये नव्या शब्दासाठी जास्तीत जास्त त्याच्या चिन्हांइतके नोड जोडावे लागतात आणि त्याच्या वाटेवरचे वापराचे आकडे तेवढे तपासावे लागतात.